नाव न ठेवता सांगायचे कसे?



मराठीत ‘नाव ठेवणे’ या शब्दप्रयोगाला दोन अर्थ आहेत. बारशाला बाळाचे नाव ठेवतात आणि चारचौघांत माणसाला नावे ठेवतात. मनाच्या आरोग्यावर चित्रफीत करणाऱ्यांच्या हातून बरेचदा ही दोन्ही कामे एकदमच होऊन जातात. पडद्यावर कुणी उदास बसलेला दिसतो, निवेदक गंभीर आवाजात सांगतो की हे नैराश्य आहे, आणि पाहणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ओळखीतला एखादा माणूस उभा राहतो. चित्रफीत संपते, त्या माणसाला चिकटलेले नाव मात्र राहते.

व्यापारी घराला अशा नावाची किंमत फार लवकर कळते. बाजारात उधारी माणसाच्या शब्दावर चालते. ‘अमक्याचे हल्ली डोके ठिकाणावर नसते’ एवढे एक वाक्य घाऊक बाजारात पोहोचले, तर पुढच्या मालाचे पैसे रोख मागितले जातील, मुलीच्या स्थळाकडून निरोप येणे थांबेल, ही धास्ती घरातल्या प्रत्येकाला असते. म्हणून त्रास झाकला जातो आणि झाकलेला त्रास वाढतो. पर्युषणानंतरच्या किंवा दिवाळीच्या स्नेहसंमेलनात वसई, नालासोपारा, विरार येथील एखाद्या मंडळाला या विषयावर चार मिनिटांची चित्रफीत दाखवावीशी वाटली, तर तिची भाषा या धास्तीला आणखी खतपाणी घालणारी नसावी. अशी संहिता कशी लिहावी, याचा एक नमुना या महिन्यात वाचकांपुढे ठेवत आहे. मंडळांनी तो जरूर वापरावा.

आधी एक साधा प्रश्न. उदासीला नैराश्य म्हटले तर बिघडले कुठे? बिघडते ते असे. डॉक्टर नैराश्याचे निदान करतात तेव्हा तक्रारी किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ आहेत का, हे ते पाहतात. झोप, भूक, एकाग्रता, स्वतःविषयीचे विचार यांची विचारपूस करतात. रोजच्या कामावर त्याचा किती परिणाम झाला, हे जोखतात. आणि तेवढ्याने थांबत नाहीत. गळून जाणे, कशात मन न लागणे, विसरायला होणे या तक्रारी थायरॉइडच्या बिघाडात असतात, रक्त कमी असताना असतात, बी-१२ या जीवनसत्त्वाच्या उणिवेतही असतात. बी-१२ हे मुख्यतः प्राणिजन्य अन्नातून मिळते. आपल्यासारख्या शाकाहारी घरांत त्याचा आधार दूध-दह्यावरच असतो आणि ते खाणाऱ्यांतही ते कमी निघू शकते. घरात नुकतेच कुणी गेले असेल, तर तो शोक असेल. बाहेरून हे सारे सारखेच दिसते. डॉक्टरांना तपासण्या करून जे ठरवावे लागते, ते निवेदकाने चित्रावरून ठरवणे चुकीचे आहे.

कायद्याची भूमिकाही हीच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे तिसरे कलम सांगते की मानसिक आजार आहे की नाही हे मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच ठरवावे. समाजाच्या रूढ चालीरीतींशी किंवा श्रद्धांशी एखाद्याचे वागणे जुळत नाही, एवढ्यावरून ते ठरवू नये. कायद्याची स्वतःची भाषाही वाटेत बदलत गेली आहे. १९१२ च्या इंग्रजी राजवटीतील कायद्याच्या नावातच ‘वेडेपणा’ होता. १९८७ च्या कायद्याने तो शब्द काढून मानसिक आरोग्याचे नाव घेतले. २०१७ च्या कायद्यात ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ असा उल्लेख येतो. म्हणजे व्यक्ती आणि आजार या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. संहिता लिहिणाऱ्याने निदान एवढे तरी पाळावे.

आता नमुना. बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दच सुखाने ऐकू येतात आणि या विषयात मध्ये शांतताही हवी असते. म्हणून चार मिनिटांसाठी मजकूर मोजकाच ठेवला आहे.

दृश्य १. बाजारातील कापडाचे दुकान. सकाळचे साडेदहा. शेजारची दुकाने उघडी. या दुकानाचे शटर अर्धवट वर.

निवेदन : “हे दुकान वीस वर्षे नऊच्या ठोक्याला उघडत असे. गेले तीन आठवडे ते उशिरा उघडते आहे. दादा गल्ल्यावर बसतात, पण हिशेबाची वही मिटलेलीच राहते. व्यापाऱ्याचा फोन वाजतो आणि वाजून बंद होतो.”

दृश्य २. घर. दिवस मावळण्यापूर्वीची जेवणाची वेळ.

निवेदन : “सगळे एकत्र जेवायला बसतात. दादांचे ताट बरेचसे तसेच राहते. मुलगी शाळेतली गंमत सांगते. ते ऐकतात, हसत मात्र नाहीत. पहाटे तीनला त्यांना जाग येते आणि मग झोप लागत नाही. हा थकवा असेल, शरीराची एखादी तक्रार असेल, मनावरचा ताण असेल किंवा आणखी काही. नुसते पाहून ते सांगता येणार नाही. एवढे मात्र दिसते की दादांना त्रास होतो आहे आणि तो बरेच दिवस चालला आहे.”

दृश्य ३. रात्री, दुकान बंद झाल्यावर. दोघे भाऊ.

धाकटा : “दादा, गेले काही दिवस तुम्ही रात्री जागे असता. मला काळजी वाटते. काय होतंय?”

दादा (बराच वेळ गप्प) : “कशातच मन लागत नाही रे. सगळ्यांना माझा भार होतोय असं वाटतं.”

धाकटा : “आणि हे तुम्ही एकट्यानेच सोसत होतात. दादा, विचारतो म्हणून रागावू नका. जगणंच नको, असं कधी मनात येतं का?”

दादा : “नाही, तसं नाही. पण फार थकलोय.”

धाकटा : “उद्या सकाळी आपल्या डॉक्टरांकडे जाऊ. मी बरोबर येतो. तेवढा वेळ दुकान वहिनी बघतील.”

दृश्य ४. नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना.

निवेदन : “डॉक्टर आधी सगळे ऐकून घेतात. रक्ताच्या काही तपासण्या लिहून देतात. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला सांगतील. पुढे काय करायचे हे दादांशी बोलूनच ठरेल.”

दृश्य ५. सकाळ. दोघे भाऊ मिळून शटर वर करतात. पडद्यावर क्रमांक.

निवेदन : “असे काही तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला दोन आठवड्यांहून अधिक दिवस होत असेल, तर विश्वासातल्या एका माणसाला सांगा. यात तुमची चूक नाही. योग्य मदतीने पुष्कळ माणसांना बरे वाटते. कुणाला थोडा अधिक वेळ लागतो, कुणाला दुसरा उपाय शोधावा लागतो. तोवर तुम्हाला एकट्याने थांबायचे नाही. टेली-मानस : एक, चार, चार, एक, सहा. दिवसा-रात्री केव्हाही, मराठीत, विनामूल्य. जगणे नकोसे वाटत असेल, तर उद्याची वाट पाहू नका. आत्ताच फोन करा आणि जवळच्या माणसाला आपल्याजवळ थांबायला सांगा. जिवाला धोका वाटत असेल, तर एक, एक, दोन.”

संहिता एवढीच. तिच्यातील काही वाक्ये अशीच का आहेत, ते सांगतो.

पहिल्या दृश्यासाठी मनात प्रथम येणारे वाक्य असते : “दादा नैराश्याने ग्रासले आहेत.” ते काढून त्याच्या जागी शटर, वही आणि फोन आणले. नियम सोपा आहे : कॅमेऱ्याला जे दिसते आणि घड्याळाला जे मोजता येते, तेवढेच निवेदनात यावे. किती वाजता, किती दिवस, आधी काय होते, आता काय आहे. याचा दुहेरी लाभ होतो. कुणाला नाव चिकटत नाही आणि पाहणाऱ्या घराला आपल्याकडील खूणही ओळखता येते. ‘उदासीनता’ हा शब्द ऐकून घरातले पुरुष मान हलवतील. ‘व्यापाऱ्याचा फोन उचलवत नाही’ हे ऐकल्यावर ज्याला कळायचे त्याला बरोबर कळते. ‘ग्रासलेला’, ‘शिकार’, ‘बळी’, ‘पीडित’ हे शब्द याच कारणाने वगळावेत. ते माणसाला असहाय करून सोडतात.

दुसऱ्या दृश्यातील ‘असेल, असेल’ ही वाक्ये कुणाला कच्ची वाटतील आणि संकलनात ती कापावीशी वाटतील. ती कापू नयेत. साऱ्या संहितेचा आधार तीच आहेत. ती गेली की मागे उरते ते केवळ उदास दादांचे चित्र, आणि निदान प्रेक्षक आपणहून करून टाकतात. मात्र अनिश्चितता सांगून तिथेच थांबणेही बरे नाही. म्हणून लगेच पुढचे वाक्य निश्चित आहे : त्रास होतो आहे आणि तो बरेच दिवस चालला आहे. मदत घेण्यासाठी इतके पुरेसे आहे; आजाराचे नाव कळण्याची वाट पाहावी लागत नाही.

या दृश्यात आपल्या घरांपुरती एक सूचना. जेवण कमी होणे किंवा गप्प बसणे, याला आपल्याकडे कधी तपाचे, कधी विरक्तीचे रूप दिले जाते. निवेदनात हा विषय काढून त्यावर टीका करू नये. व्रत हे व्रतच असते. ठरवून, आनंदाने केलेला उपवास आणि नकळत ताट तसेच राहणे यांतला फरक चित्रच दाखवते. औषध चालू असलेल्यांनी मात्र उपवासापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारावे. लिथियम घेणाऱ्याने पाण्यावाचून उपवास केला, तर शरीरातील पाणी कमी होऊन त्या औषधाचे रक्तातील प्रमाण धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकते. हा मजकूर चित्रफितीत न घालता ती दाखवल्यानंतरच्या बोलण्यात सांगावा.

तिसऱ्या दृश्यातील “जगणंच नको, असं कधी मनात येतं का?” हा प्रश्न वगळा, अशी सूचना हमखास येईल. विचारल्याने नको तो विचार डोक्यात शिरेल, अशी भीती त्यामागे असते. या क्षेत्रातील जाणकारांचा अनुभव उलट आहे. शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारल्याने तो विचार रुजत नाही. असलाच तर बोलायला वाट मिळते. नुकसान होते ते वेगळ्या गोष्टींनी. साधन आणि जागा पडद्यावर दाखवल्याने आधीच खचलेल्या माणसाला धोका वाढू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये चित्रपट व रंगभूमीसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत हाच इशारा दिला आहे आणि संकटातून बाहेर पडणारी, मदत घेणारी माणसे दाखवा असे सुचवले आहे. ‘गुन्हा’ हा शब्दही येथे नको. जिवावर उठलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे आणि त्याच्या काळजीची व उपचाराची सोय सरकारने करावी, असे २०१७ च्या कायद्याचे ११५ वे कलम सांगते.

धाकट्याचे बोलणेही पाहा. ‘मन घट्ट करा’, ‘तुम्हाला काय कमी आहे’, ‘सामायिकात बसत जा म्हणजे बरे वाटेल’ असे काहीच तो म्हणत नाही. ही वाक्ये प्रेमानेच बोलली जातात, पण ऐकणाऱ्याला ती ‘तुमचेच चुकते आहे’ अशी ऐकू येतात. तो दिसलेली एक गोष्ट सांगतो, आपली काळजी सांगतो आणि एक प्रश्न विचारून थांबतो. शेवटी उद्याचे एकच काम ठरवतो : कुठे जायचे, बरोबर कोण येणार, दुकान कोण बघणार. दुकान कोण बघणार हे ठरले नाही, तर आपल्याकडे डॉक्टरांची भेट पुढे जातच राहते. मराठीत हीच रीत मोठ्या पडद्यावर पाहायची असेल, तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ पाहावा. २०१६ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. त्यातील जानकी एका खचलेल्या अनोळखी तरुणाला घरी आणते आणि त्याच्यावर प्रश्नांचा भडिमार न करता त्याला थांबू देते.

राहिला शेवट. धीराचे सर्वांत सोपे वाक्य म्हणजे “काळजी करू नका, सगळे ठीक होईल.” पण हे वचन कुणीच देऊ शकत नाही. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसायला साधारणपणे काही आठवडे लागतात. पहिले औषध लागू न पडणेही घडते. ‘सगळे ठीक होईल’ असे ऐकून गेलेला माणूस दहा दिवसांनी विचार करतो की मीच बरा होण्यासारखा नाही, आणि औषध सोडतो. म्हणून आपला धीर खरा ठरेल एवढाच द्यावा. पुष्कळांना बरे वाटते, हे खरे आहे. कुणाला वेळ लागतो, हेही खरे आहे. तोवर एकट्याने थांबायचे नाही, हे तर आपल्याच हातातले आहे. असा धीर तिसऱ्या महिन्यातही खोटा ठरत नाही.

क्रमांक निवेदकाने एकेक अंक सुटा, सावकाश म्हणावा आणि तो पडद्यावर निदान दहा सेकंद ठेवावा, म्हणजे मागच्या रांगेतल्या आजीलाही तो टिपून घेता येईल. टेली-मानस ही केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली दूरध्वनी सेवा आहे. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज असल्यास तज्ज्ञांशी जोडून देतात. प्रत्यक्ष भेटण्यासाठी आपल्या भागातील मानसोपचारतज्ज्ञ आहेतच, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था आहे. तिच्या ‘आवाहन’ या यूट्यूब वाहिनीवर मराठीतील चित्रफिती आहेत. संहिता लिहिण्याआधी त्यांतल्या दोन-चार अवश्य ऐकाव्यात. कठीण विषय साध्या मराठीत कसा बोलता येतो, ते कळेल.

दोन खबरदाऱ्या आणखी. समाजातील कुणाची खरी हकिगत, नाव बदलूनही, वापरू नये. विरारपासून वसईपर्यंत आपली घरे एकमेकांना इतकी ओळखतात की नुसता धंदा आणि भावांची संख्या सांगितली, तरी माणूस ओळखू येतो. कापडाचे दुकान असलेल्या एखाद्या घरात सध्या असेच काही चालले असेल, तर आमच्या नमुन्यातील दुकानही बदलावे. भांड्यांचे करावे, औषधांचे करावे. दुसरे, तयार संहिता चित्रीकरणाआधी एखाद्या मानसोपचारतज्ज्ञांना वाचायला द्यावी.

आणि सर्वांना दाखवण्यापूर्वी ती पाच जणांना दाखवावी : एक आजी, एक दुकानदार, एक सून, एक महाविद्यालयीन मुलगा आणि समाजाबाहेरचा एक शेजारी. प्रत्येकाला वेगळे बसवून तीनच प्रश्न विचारावेत. दादांना काय झाले आहे? तुम्हाला कुणाची आठवण आली का? घरात असे दिसले तर उद्या सकाळी काय कराल? पहिल्या प्रश्नाला कुणी आजाराचे नाव सांगितले, तर संहितेत निदान कुठून तरी शिरले आहे. ते वाक्य शोधून काढावे. दुसऱ्या प्रश्नाला दोघांनी एकाच माणसाचे नाव घेतले, तर दृश्ये बदलावीत. तिसऱ्या प्रश्नाला “विचारू, बरोबर जाऊ, नाहीतर त्या नंबरवर फोन करू” असे उत्तर आजींकडून आले, म्हणजे चित्रफीत दाखवायला तयार झाली.